बाळंतिणीचा डबा आणि सिझेरियनचे टाके

सिझेरियन होऊन आठवा दिवस. टाके दाखवायला आलेली सत्तावीस वर्षांची बाळंतीण बाकावर वाकूनच बसली होती. जखमेपेक्षा तिची तक्रार पोटाची होती. चार दिवस पोट साफ झालेले नाही, फुगल्यासारखे वाटते, कुंथायला गेले की टाक्यांतून कळ येते. सोबत तिची आई. काय खायला देता, असे डॉक्टरांनी विचारल्यावर आईने अभिमानाने सांगितले, "मऊ भात, तूप, मेतकूट आणि डिंकाचे लाडू. दोन सकाळी, दोन संध्याकाळी. घरचेच आहेत, साजूक तुपातले." आणि पाणी? "पाणी कमीच देतो. टाके ओले राहतात ना."

या मुलीला सातव्या महिन्यात गरोदरपणातला मधुमेह निघाला होता. पथ्य आणि गोळ्यांवर साखर आटोक्यात राहिली. प्रसूतीनंतर गोळ्या बंद झाल्या आणि घरच्यांच्या दृष्टीने मधुमेहही संपला. म्हणून डब्यातल्या लाडवांचा आणि साखरेचा संबंध कोणाच्या मनातही आला नाही.

तिच्या आईने लाडवांचे जे प्रमाण सांगितले ते अनेक घरांत असते तसेच होते. खारकेची पूड, किसलेले सुके खोबरे आणि गूळ प्रत्येकी अर्धा किलो, डिंक आणि तूप पाव पाव किलो, खसखस आणि बदाम शंभर शंभर ग्रॅम, वर सुंठ आणि जायफळ. हे सगळे मिळून सव्वादोन किलोच्या आसपास भरते आणि त्याचे मध्यम आकाराचे पन्नास लाडू होतात. म्हणजे एका लाडवात दहा ग्रॅम गूळ आणि दहा ग्रॅम खारीक. खारकेतला जवळपास दोन तृतीयांश भाग साखरच असतो. दोन्ही धरून एका लाडवात पंधरा ग्रॅम साखर झाली, म्हणजे चहाचे तीन चमचे. चार लाडवांत बारा चमचे. इतकी साखर चहात घालून कोणी आपल्या लेकीला देणार नाही, पण लाडवात ती दिसत नाही.

उष्मांकांचा हिशेबही तसाच आहे. अशा एका लाडवातून दोनशेच्या वर कॅलरी मिळतात. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोजच्यापेक्षा सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमाण आहे. चार लाडवांनी ते ओलांडले जाते आणि जेवण त्याशिवाय असते. लाडू ज्या काळात रुजले तेव्हा बाळंतीण आधीच अशक्त असे, थोड्याच दिवसांत कामाला लागे आणि एका लाडवाची ताकद तिला खरोखर लागे. आजही वजन कमी असलेल्या, जेवण जात नसलेल्या बाईला दिवसाला दोन लाडू देण्यात काहीच चूक नाही. लाडू वाईट नाही, तो कोणाला आणि किती, एवढाच प्रश्न आहे.

गुळाबद्दल एक समजूत मात्र काढून टाकायला हवी. गुळात लोह असते हे खरे, पण दहा ग्रॅम गुळातून मिळणारे लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला १८० दिवस मिळणाऱ्या गोळीत ते ६० मिलिग्रॅम असते. रक्त वाढावे म्हणून गूळ वाढवला तर वाढते ती साखर. गोळीने शौचाला कडक होते म्हणून ती बंद करून लाडू वाढवणाऱ्या घरांचे तर दुहेरी नुकसान होते.

आता डिंक. लाडवात बहुधा बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक असतो. हाडे भरून येण्यासाठी तो देतात. प्रत्यक्षात डिंक म्हणजे पाण्यात विरघळणारा तंतू. लहान आतड्यात तो पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याला आंबवतात, त्यातून आतड्याला उपयोगी आम्ले तयार होतात आणि वायूही होतो. हाडांना बळकटी डिंकातून येत नाही. चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा वाटा खसखस आणि बदामाचा, आणि घातले असतील तर तिळाचा. शौच मऊ ठेवणे हे डिंकाचे खरे काम, पण त्याला पाणी लागते. चार लाडवांतून वीस ग्रॅम डिंक पोटात गेला आणि दिवसभरात दोनच भांडी पाणी मिळाले, तर आधीच सुस्त असलेल्या आतड्यात तो मदत करायचे सोडून वायू करून बसतो.

आतडे सुस्त का असते? सिझेरियन ही पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया आहे. भूल, आतड्यांना लागलेला हात, वेदनाशामक औषधे आणि झोपून राहणे यांमुळे आतड्याची हालचाल मंदावते. पूर्ववत व्हायला एक-दोन दिवस लागतात आणि बद्धकोष्ठता त्याहून जास्त दिवस रेंगाळते. त्यात लोहाच्या गोळीची भर. पाणी प्यायल्याने टाके ओले राहतात किंवा पिकतात ही समजूत पक्की आहे, पण प्यायलेले पाणी टाक्यांपर्यंत जातच नाही. ते रक्तात, दुधात आणि लघवीत जाते. दर वेळी बाळाला पाजायला बसताना एक भांडे पाणी, शिवाय तहान लागेल तेव्हा, एवढा साधा नेम पुरतो. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे.

म्हणून शस्त्रक्रियेनंतर क्रम पाळावा. काही तासांनी डॉक्टरांनी सांगितल्यावर घोट घोट पाणी, मग पेज किंवा पातळ खिचडी, दुसऱ्या दिवसापासून मऊ भात-वरण, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, शिजवलेल्या भाज्या. वारा सरला, भूक लागू लागली आणि एकदा नीट शौचाला झाले की मगच लाडू, तोही आधी अर्धा. साधारण आठवडा जातोच. पूर्वी अनेक घरांत लाडवाचा डबा बारशानंतर उघडत. सिझेरियन झालेल्या बाईसाठी तो रिवाज आजही चांगला आहे. डिंक तुपात मंद आचेवर पूर्ण फुलला पाहिजे. बोटाने चुरडून आत कडक खडा लागला तर तो दाताला आणि पोटालाही जड जातो.

पोट फुगणे आणि गंभीर अडथळा यांतला फरक घरच्यांना कळायला हवा. लाडवाने झालेल्या फुगवट्यात वारा सरतो, चालल्यावर बरे वाटते. पोट ढोलासारखे ताणले, वारा अजिबात सरत नाही, हिरवट उलट्या होतात किंवा कळ थांबत नाही, तर ओव्याचा अर्क देत बसू नये, थेट रुग्णालयात यावे. तुपाचे खाल्ल्यावर तासाभरात उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीकडे जात असेल, तर ते अजीर्ण नसून पित्ताशयातले खडे असू शकतात. गरोदरपणात ते होण्याचे प्रमाण वाढते. सोनोग्राफी करून घ्यावी.

ओव्याचे श्रेय त्याच्यातल्या थायमॉल या तेलाला जाते. जेवणानंतर भाजलेला ओवा, बाळंतशेपा आणि तीळ चिमूटभर चघळले की वायू सरायला मदत होते. दूध त्याने वाढते असा भक्कम पुरावा नाही. दूध वाढते ते बाळ वारंवार आणि नीट पकडून चोखते तेव्हा. पाव चमचा ओवा ठीक. मूठ मूठ खाल्ला की छातीत जळजळते. ओव्याची धुरी आणि शेगडी मात्र बंद खोलीत नकोच. त्या कोळशाचा विषारी वायू आई आणि बाळ दोघांनाही गाठतो.

सुंठीचे पारडे थोडे जड आहे. मळमळ कमी करण्यात आल्याचा उपयोग अभ्यासांत दिसला आहे. थायलंडमध्ये नैसर्गिक प्रसूती झालेल्या बायकांना सुंठीच्या कॅप्सूल दिल्या, तेव्हा तिसऱ्या दिवशी दूध जास्त आले, सातव्या दिवशी फरक उरला नाही. म्हणजे सुरुवातीची थोडी मदत, इतकेच. रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शने किंवा गोळ्या चालू असलेल्या बाईने लाडवातली चिमूटभर सुंठ खायला हरकत नाही. सुंठीचे काढे, चूर्ण आणि मेथीचे दाणे वाटीने खाणे हे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

आता त्या मुलीकडे वळू. तिच्या पोटाला हात लावल्यावर ते मऊ होते, वारा सरत होता. टाके कोरडे होते, एका टोकाला थोडी लाली होती. सकाळचे दोन लाडू खाऊन दोन तास झाले होते आणि रक्तातली साखर १९२ आली. गरोदरपणातला मधुमेह बहुतेकींचा वार पडल्याबरोबर ओसरतो, पण सगळ्यांचा नाही. साखर चढी राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंद होतात आणि जखम पिकण्याचा धोका वाढतो. गोड खाल्ल्याने टाके पिकतात या जुन्या म्हणण्यात मधुमेही बाईपुरते तथ्य आहे, बाकीच्यांना ते लागू नाही.

तिला शौच मऊ करणारे औषध दिले, पाणी वाढवायला सांगितले आणि उपाशीपोटीची साखर तपासली. ती १०४ आली, म्हणून गोळ्या लगेच सुरू केल्या नाहीत. लाडू आठ दिवस पूर्ण बंद. त्यानंतरसाठी आईला नवे प्रमाण लिहून दिले. गूळ नाही, खारीक पाव किलो, खोबरे तीनशे ग्रॅम, डिंक निम्मा, तूप दोनशे ग्रॅम, तीळ आणि बदाम मिळून पाव किलो, खसखस तेवढीच आणि बांधायला दोनशे ग्रॅम भाजलेले नाचणीचे पीठ. तूप कोमट असतानाच लिंबाएवढे वळायचे. अशा लाडवात साखर एका चमच्याहून कमी आणि कॅलरी दीडशेच्या जवळ. दिवसाला एक, जेवणानंतर गोड म्हणून नव्हे, तर चारच्या भुकेला. अळीव खिरीऐवजी भिजवून लिंबू पिळून, म्हणजे त्यातले लोह अंगी लागते.

"इतके कमी गोड ती खाईल का?" आईने विचारले. मुलगीच म्हणाली, "आई, मला ते गोड गिळवतच नव्हते गं."

सहाव्या आठवड्यात तिची ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी झाली. ही तपासणी गरोदरपणात मधुमेह झालेल्या प्रत्येकीने करायची असते आणि बाळाच्या लसीच्या गडबडीत नेमकी तीच राहते. उपाशीपोटी ९८ आणि दोन तासांनी १५६. दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या आत हवा आणि २०० ला मधुमेह धरतात. ती मधल्या पायरीवर होती. औषध नको, पण दर वर्षी तपासणी हवी. पुढची तारीख तिने बाळाच्या लसीच्या कार्डावरच लिहून घेतली. पहिल्या डब्यातले उरलेले लाडू तिच्या भावाने संपवले, असे आईने जाता जाता सांगितले.