हातावर आदि ताल

कर्नाटक संगीताची मैफल पहिल्यांदा ऐकणाऱ्या मराठी माणसाचं लक्ष आधी गायकाच्या उजव्या हाताकडे जातं. तो हात मांडीवर सारखा पडत असतो, मध्येच बोटं हलतात, मध्येच चवडा उताणा होतो. समोर बसलेल्या निम्म्या श्रोत्यांचे हातही तसेच चाललेले असतात. आपल्याकडच्या ख्यालगायकाला असं करावं लागत नाही, कारण तबला ठरलेला ठेका धरून बसलेला असतो. ‘धा धिं धिं धा’ ऐकलं की आपण आवर्तनात कुठे आहोत ते कळतं. मृदंगम असा ठेका देत नाही. मृदंगवादक गाण्याच्या चालीबरोबर, तिच्या वळणांबरोबर वाजवतो. त्याच्या बोलांवरून सम शोधायला गेलेला नवखा बहुधा चुकतो. मग ताल ठेवायचा कुणी? गायकानं स्वतः, आपल्या हातानं, सगळ्यांना दिसेल असा. म्हणूनच कर्नाटक गायनाच्या वर्गात पहिल्या स्वराबरोबरच हातही शिकवला जातो, आणि तो बहुतेक वेळा आदि तालाचा असतो.

आदि ताल आठ मात्रांचा. त्याचे तीन तुकडे पडतात: चार, दोन आणि दोन. चारच्या तुकड्याला लघू म्हणतात आणि दोनच्या प्रत्येक तुकड्याला द्रुतम. लघूत पहिल्या मात्रेला टाळी, म्हणजे उजव्या हाताचा चवडा पालथा मांडीवर. पुढच्या तीन मात्रा बोटांवर: करंगळी, अनामिका, मधलं बोट, याच क्रमानं. कुणी बोट मांडीवर टेकवतं, कुणी अंगठ्याला लावतं. वर्गात गुरू जे करतील ते करावं, क्रम मात्र करंगळीपासूनच. मग द्रुतम: पाचवीला टाळी, सहावीला हात उताणा. सातवीला पुन्हा टाळी, आठवीला पुन्हा उताणा. झालं एक आवर्तन.

यात आवाज तीनच वेळा होतो: पहिल्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेला. बाकीच्या पाच मात्रा मुक्या. त्यामुळे डोळे मिटले तरी कानाला कळतं. एका टाळीनंतर लांब शांतता आली तर आपण लघूत आहोत, टाळ्या जवळजवळ आल्या तर द्रुतमांत, म्हणजे आता सम येणार. नवख्यानं आधी न गाता दहा-पंधरा आवर्तनं नुसता हात चालवावा आणि या तीन टाळ्यांमधलं अंतर कानात बसू द्यावं.

इथे एक दोष हमखास दिसतो. टाळीसाठी हात उंच उचलला जातो, त्यामुळे ती किंचित उशिरा पडते. बोटं मात्र जवळच असतात, म्हणून ती भराभर आटोपतात. परिणामी लघू धावतो आणि द्रुतम रेंगाळतो. हात उताणा करण्याची मात्रा तर बरेचदा अर्धीच खाल्ली जाते, कारण तिथे काही आपटत नाही. उपाय साधा आहे. हात वीतभरापेक्षा वर जाऊ द्यायचा नाही, आणि प्रत्येक मात्रेवर तोंडानं ‘त क धि मि’ म्हणायचं. टाळीला चार अक्षरं, करंगळीला चार, उताण्या हातालाही चारच. जिथे चौथं अक्षर चेंगरतं, तिथे मात्रा आखूड पडते आहे असं समजावं.

आता स्वर. पहिल्या धड्यांना सरळी वरिसै म्हणतात. हे धडे मायामाळवगौळ रागात असतात, म्हणजे आपल्या भैरव थाटाचेच स्वर, रिषभ आणि धैवत कोमल. ही शिकवण्याची पद्धत सोळाव्या शतकातल्या पुरंदरदासांनी बसवली असं परंपरा मानते. (त्यांचं जन्मगाव कुणी पुण्याजवळच्या पुरंदरला नेतं, कुणी कर्नाटकातल्या तीर्थहळ्ळीला. तो वाद इथे नको.) पहिला धडा म्हणजे सरळ आरोह आणि अवरोह. पहिल्या काळात एका मात्रेवर एक स्वर. आरोहात सा टाळीवर, रि करंगळीवर, ग अनामिकेवर, म मधल्या बोटावर, प टाळीवर, ध उताण्या हातावर, नि टाळीवर आणि वरचा सा उताण्या हातावर. अवरोहाला दुसरं आवर्तन लागतं. त्यात वरचा सा समेच्या टाळीवर येतो, नि करंगळीवर, ध अनामिकेवर, प मधल्या बोटावर, आणि मग म दुसऱ्या टाळीवर.

एवढ्यावरून स्वतःची चाचणी घेता येते. वर जाताना लघू संपल्यावरच्या टाळीवर प आला पाहिजे आणि खाली येताना त्याच टाळीवर म. तसं झालं नाही तर बहुधा लघूत एक बोट जास्त मोजलं गेलं आहे. तर्जनीही टेकवली की लघू चारऐवजी पाचचा होतो आणि आवर्तन नऊचं. मग आरोहातला प तर्जनीवर जातो, वरचा सा तिसऱ्या टाळीवर पडतो आणि अवरोह उताण्या हातावर सुरू होतो. ही चूक अगदी सहज होते, कारण चार म्हटलं की आपल्याला चार बोटंच आठवतात. पण लघूतली पहिली मात्रा टाळीनं केव्हाच वापरलेली असते. बोटांसाठी तीनच उरतात.

दुसऱ्या काळात एका मात्रेवर दोन स्वर. हात तसाच चालतो, गळा दुप्पट वेगानं. आता अख्खा आरोह लघूतच संपतो: टाळीवर सा रि, करंगळीवर ग म, अनामिकेवर प ध, मधल्या बोटावर नि सा. अवरोह पाचव्या मात्रेच्या टाळीवर सुरू होतो आणि आवर्तनाबरोबर संपतो. तिसऱ्या काळात एका मात्रेवर चार स्वर, त्यामुळे आरोह-अवरोह मिळून लघूतच मावतात. उरलेल्या दोन द्रुतमांत तेच पुन्हा एकदा म्हणतात. आपल्या भाषेत ही बराबर, दुगुन आणि चौगुन. तिसरा काळ म्हणजे तिगुन नव्हे. हिंदुस्थानी शिकून आलेल्यांचा इथे थोडा गोंधळ होतो.

खरी कसोटी काळ बदलताना लागते. गळ्याचा वेग दुप्पट झाला की हातही दुप्पट धावू लागतो. मुलांच्या बाबतीत तर हे जवळजवळ ठरलेलंच. मग वर्गात काळ बदललाच जात नाही, सगळं नुसतं भरभर होतं. हात पळाला की नाही हे गाणाऱ्याला स्वतःला क्वचितच कळतं. म्हणून शेजारी कुणाला तरी नुसती टाळी धरायला बसवावं, नाहीतर मेट्रोनोम लावावा. त्याची गती मात्र पहिल्या काळाला काय बरं वाटतं यावरून ठरवू नये. ती तिसऱ्या काळावरून ठरवावी. मिनिटाला साठ मात्रा ठेवल्या तर पहिल्या काळात सेकंदाला एक स्वर येतो, तिसऱ्यात चार. चार स्वर स्वच्छ निघत नसतील तर पंचेचाळीसवर उतरावं. पहिला काळ मग कंटाळवाणा वाटेल, पण लांब मात्रा न डगमगता धरणं हीच त्या काळाची कसरत आहे.

इथवर स्वर आणि हात एकमेकांच्या बाजूनं होते. तिसऱ्या धड्यात ते भांडतात, आणि मला विचाराल तर आदि ताल खरा तिथे शिकला जातो. त्या धड्याची सुरुवात सा रि ग, सा रि ग, सा रि अशी आहे. स्वरांचे गट तीन, तीन आणि दोनचे, हाताचे चार, दोन आणि दोनचे. पहिला सा टाळीवर, ठीक. दुसरा सा मधल्या बोटावर येतो, तिसरा सा सातव्या मात्रेच्या टाळीवर. पाचवीच्या टाळीवर सा नाही, रि आहे. कानाला वाटतं नवा गट सुरू झाला, टाळी द्यावी. म्हणून नवशिक्याचा हात दुसऱ्या सा वर, म्हणजे चौथ्या मात्रेलाच, टाळी देतो. तिथून सगळं आवर्तन एका मात्रेनं सरकतं. ऐकणाऱ्याला हे लगेच कळतं, कारण पुढची ओळ, सा ते वरचा सा, समेवर न येता करंगळीवरून सुरू होते.

यावरचा उपाय वर्गांत चालतो तो असा. आधी सूर न लावता, नुसते बोलून ते आठ स्वर हाताबरोबर म्हणायचे. मधल्या बोटावरचा सा मुद्दाम ठासून म्हणायचा, पण हात ठासायचा नाही. ते जमलं की एक आवर्तन म्हणायचं, पुढच्या आवर्तनात गप्प राहून फक्त हात चालवायचा आणि मग समेवर पुन्हा उचलायचं. गप्प आवर्तनानंतर सा टाळीवर आला तर ताल हातात बसला. नाही आला तर सूर लावायची अजून घाई नको.

पुढे मोठ्या रचनांत हाच हात लागतो. त्यागराजांच्या पंचरत्न कृती पाचही आदि तालातच आहेत, आणि तिरुवैयारूच्या आराधनेत त्या समुदायानं गातात तेव्हा शेकडो हात एकाच वेळी उताणे होताना दिसतात. त्यागराजांचं आयुष्य गेलं ते तंजावरच्या मराठी राजांच्या मुलखात, एवढी मराठी खूण त्या गावाला आहे. काही कृती टाळीवर सुरूच होत नाहीत, टाळी पडून गेल्यावर अर्ध्या मात्रेनं उचलतात. संथ रचनांत प्रत्येक क्रिया दोनदा करून आवर्तन सोळा ठोक्यांचं करतात. पण हे सगळं नंतरचं.

सरळी आणि जंटा वरिसै झाल्या की अलंकार येतात. तिथे सात ताल भेटतात आणि लघूची लांबी बदलू लागते. त्यातल्या झंप तालाचा लघू सात मात्रांचा असतो: टाळीनंतर करंगळीपासून अंगठ्यापर्यंत पाच बोटं, आणि सातवी मात्रा पुन्हा करंगळीवर.