आधी पुरणपोळी, मग सबस्क्राइब

यूट्यूबवरच्या कितीतरी मराठी व्हिडिओंचं वर्णन ‘नमस्कार मंडळी, चॅनलवर नवीन असाल तर सबस्क्राइब करा, बेल आयकॉन दाबा’ असं सुरू होतं. वर्णनात 5000 अक्षरांची सोय असली तरी ‘आणखी’वर टिचकी मारण्याआधी पहिल्या एकदोन ओळीच दिसतात. कॉम्प्युटरवर शोधलं, तर निकालात शीर्षकाखाली वर्णनाचा एवढासा तुकडाच येतो. तो वाचणाऱ्यानं व्हिडिओ अजून पाहिलेलाही नसतो, त्याच्याकडे सबस्क्राइबची मागणी फार लवकर होते.

पुरणपोळीच्या व्हिडिओचंच बघा. शोधणारी गृहिणी ‘पुरणपोळी फुटू नये म्हणून काय करावं’ असं टाइप करते. म्हणून पहिली ओळ अशी हवी: ‘पुरणपोळी लाटताना फुटू नये म्हणून कणीक किती सैल भिजवायची आणि चणाडाळीचं पुरण किती कोरडं करायचं, ते या व्हिडिओत दाखवलं आहे.’ शोधाचे मुख्य शब्द वाक्यात सहज आले. तेच शब्द स्वल्पविराम देऊन ओळीनं रचणं मात्र टाळावं. वर्णनात टॅगांची अशी रास ओतणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही.

त्यानंतर दोनतीन वाक्यांत साहित्य आणि कृतीचा गोषवारा द्यावा. विनंती त्याखाली, वेगळ्या परिच्छेदात, एकाच वाक्यात: ‘सणावाराचे पदार्थ आवडत असतील तर सबस्क्राइब करा.’ सोबत चॅनलच्या पत्त्यापुढे हे जोडलेला दुवा द्यावा:

```
?sub_confirmation=1
```

कॉम्प्युटरवर तो उघडला की सबस्क्राइब करायचं का, असं विचारणारी चौकट येते. मोबाइल ॲपमध्ये बहुधा नुसतं चॅनल उघडतं, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवू नये.

कमेंटची गोष्ट वेगळी. ‘कमेंट करा’ म्हटल्यावर लोकांना लिहायला काही सुचत नाही. ‘तुमच्याकडे पुरणात गूळ घालतात की साखर?’ असं विचारलं तर उत्तर लगेच तोंडावर येतं. माझ्या मते हा प्रश्न पिन केलेल्या कमेंटमध्येच ठेवावा. लोक लिहायला तिथंच येतात आणि वर्णनातली जागाही वाचते.

हे जमत नाही त्याचं मूळ बहुतेकदा स्टुडिओच्या सेटिंगमध्ये असतं. ‘अपलोड डिफॉल्ट’मध्ये भरलेलं ठरीव वर्णन ब्राउझरमधून अपलोड केलेल्या प्रत्येक व्हिडिओला आपोआप लागतं आणि घाईत नवा मजकूर त्याच्याखाली लिहिला जातो. त्या ठरीव मजकुराच्या डोक्यावर ‘इथे दोन ओळी लिही’ अशी खूण ठेवावी, म्हणजे विनंती आपसूक खाली राहते. फक्त प्रकाशित करण्याआधी ती खूण पुसायला विसरू नये.

शीर्षकाचं आणि खुद्द व्हिडिओचं वजन वर्णनापेक्षा जास्तच असतं, त्यामुळे एवढ्यानं प्रेक्षक दुप्पट होणार नाहीत. पण बदलानंतर महिनाभरानं ॲनालिटिक्समध्ये यूट्यूब शोधातून आलेल्या प्रेक्षकांचे शब्द पाहावेत. तिथं चॅनलच्या नावाऐवजी ‘पोळी फुटते’सारखे शब्द दिसू लागले, तर अनोळखी माणसं व्हिडिओपर्यंत पोचू लागली आहेत.