शोभायात्रेचे नियोजन : जाहीर रक्कम आणि जमा रक्कम

महावीर जन्मकल्याणकाच्या शोभायात्रेची चर्चा बहुधा बँडपथकापासून सुरू होते. वस्तुतः ती खातेवहीपासून सुरू व्हावयास हवी. कारण ऐन वेळी सुरक्षिततेच्या व्यवस्थेला कात्री लागते, ती पुष्कळदा पैसा जाहीर होऊनही हाती न आल्यामुळे.

उदाहरणादाखल पेठेतील एखादा श्वेतांबर मूर्तिपूजक संघ घेऊ. यात्रा, मंडप आणि सहाशे जणांचे साधर्मिक भोजन मिळून अंदाजे खर्च 3 लाख रुपये. सभेत बोली व देणग्या मिळून 4 लाख जाहीर झाले, तेव्हा समिती निश्चिंत झाली. परंतु त्यांतील 1 लाख 60 हजार प्रभुभक्तीच्या बोलींचे, म्हणजे देवद्रव्याचे. त्यातून भोजनाचा खर्च करता येत नाही. उरलेल्या 2 लाख 40 हजारांपैकी पंधरा दिवस आधी साधारण खात्यात जमा झाले केवळ दीड लाख. म्हणजेच निम्माच खर्च हाती होता.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक पावतीवर खात्याचे नाव असावे आणि टाचणात ‘जाहीर’ व ‘जमा’ असे दोन रकाने असावेत. कंत्राटदाराला शब्द द्यावा तो साधारण खात्यातील जमा रकमेच्या मर्यादेतच. त्या रकमेवर पहिला हक्क पाणी, प्रथमोपचार, अग्निशामक व विजेच्या कामाचा. रोषणाई व बँड शेवटी.

पोलीस ठाण्याकडील अर्जात मार्ग, वेळ, अपेक्षित संख्या आणि जबाबदार व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक द्यावेत. रस्त्यावरील मंडपासाठी पालिकेची स्वतंत्र परवानगी लागते. एका परवानगीने दुसरी मिळाली असे समजू नये.

सर्वांत मोठा धोका डोक्यावर असतो. कळसासह रथाची उंची मोजून ती वीज कंपनीला लेखी कळवावी आणि तिच्या कर्मचाऱ्यासह मार्ग पायी पाहावा. जेथे तार खाली आली असेल, तेथे कळस उतरवावा, मार्ग बदलावा किंवा तेवढा वेळ वीजपुरवठा बंद ठेवून घ्यावा. स्वयंसेवकाने बांबूने तार उचलणे ही सवय जीवघेणी आहे. ओलसर बांबूतूनही वीज वाहते. म्हणून रथापुढील दोन स्वयंसेवकांकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये. त्यांनी केवळ वर पाहावे आणि त्यांनी हात करताच रथ थांबावा.

सदर संघाने रोषणाई वगळली, बँड लहान केला आणि भोजनात एक मिष्टान्न कमी केले. तरीही तूट उरली. ती भोजनाच्या नव्या लाभार्थ्यांनी रोख भरून मिटवली, देवद्रव्याला हात न लावता. यात्रेनंतर आठ दिवसांत जमाखर्च फलकावर लागला, येणे बाकीसह. नावे छापली नव्हती. तरीही बाकी वसूल होऊ लागली.