लंगडी गाय: दोन आजार, दोन उपाय
(गोठ्यातलं आरोग्य: भाग ६)

मागच्या आठवड्यात आपण कासदाह पाहिला. आज खुरांकडे वळू.

रावेत, पुनावळे, किवळे या पट्ट्यात सोसायट्यांच्या मधोमध जे गोठे उरलेत, तिथली गाय दिवसभर दावणीलाच असते. चरायची कुरणं इमारतींखाली गेली. गव्हाण पुढ्यात, पाणी पुढ्यात, धार जागेवरच. अशी गाय चालतच नाही, त्यामुळे ती लंगडते हे कळतच नाही. पाय टेकवेनासा झाला, दूध निम्म्यावर आलं, की मग डॉक्टरांना फोन जातो. तोवर दुखण्याला महिना-दोन महिने झालेले असतात.

लंगडेपणा मोजायची सोपी पद्धत आहे. अमेरिकेतल्या स्प्रेचर आणि सहकाऱ्यांनी 1997 साली मांडलेल्या पट्टीत 1 ते 5 असे गुण देतात, आणि पाहायची असते मुख्यतः पाठ. उभी असताना आणि चालतानाही पाठ सपाट राहिली, तर गुण 1. उभी असताना सपाट, पण चालायला लागताच कमान आली, तर 2. दोन्ही वेळा कमान आणि पावलं आखूड, तर 3. एकेक पाऊल जपून टाकायला लागली की 4, आणि एका पायावर भारच घेईना की 5. आपल्याकडे गाय लंगडते असं म्हणतात ते 4 आल्यावर. खरं तर 2 दिसताच पाय उचलून पाहायला हवा.

त्यासाठी पंधरा दिवसांतून एकदा गाईला दावं सोडून सपाट जागेवर वीसेक पावलं चालवा आणि बाजूने पाहा. तेवढीही जागा नसेल, तर दावणीवरच दहा मिनिटं नुसते मागचे पाय बघत उभे राहा. एकच पाय पुन्हापुन्हा सैल सोडणं, भार या पायावरून त्या पायावर टाकत राहणं, टाच नालीच्या कडेबाहेर काढून उभं राहणं, खुरं बाहेरच्या बाजूला वळवणं, या खुणा पुरेशा बोलतात.

आता एक गोठा डोळ्यासमोर आणा. बारा संकरित एचएफ गाई, खाली सिमेंट काँक्रीट, मागे शेणा-मुताची नाली. दोन गाई मागच्या पायाने लंगडतायत. एक महिन्यापूर्वी चाकणच्या बाजारातून आणलेली, दुसरी घरचीच, अडीच महिन्यांपूर्वी व्यालेली. मालक दोघींच्या पायांवर मोरचुदाचं पाणी ओततो. लंगडणं सारखंच दिसतं, म्हणून औषधही सारखंच.

बाजारच्या गाईचा पाय उचलून धुतला, की टाचेच्या दोन गोळ्यांच्या मध्ये, मागच्या बाजूला कातडीवर रुपयाएवढा लालभडक ओला डाग दिसतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसारखा दाणेदार पृष्ठभाग, भोवती पांढरट कड, कडेला राठ उभे केस. बोट लावलं तरी गाय पाय झटकते. हा डिजिटल डर्मटायटिस, खुरामागच्या कातडीचा संसर्ग. चेली आणि मोर्तेल्लारो या इटालियन पशुवैद्यांनी 1974 मध्ये त्याची नोंद केली. तो मुख्यतः ट्रेपोनेमा जातीच्या मळसूत्री जंतूंमुळे होतो. माणसातल्या उपदंशाचा जंतू याच कुळातला, पण तो वेगळा. गाईपासून आपल्याला उपदंश होत नाही! हे जंतू शेणा-मुतात सतत भिजून मऊ पडलेल्या कातडीतून आत शिरतात. गोठ्यात येतात ते बहुधा विकत आणलेल्या जनावरासोबत, आणि पसरतात ओल्या फरशीवरून किंवा न धुतलेल्या खूरसाळणीच्या सुरीवरून.

याचा इलाज सोपा आहे. जखम पाण्याने स्वच्छ करा, कापडाने टिपून कोरडी करा आणि पशुवैद्य देतील ते ऑक्सिटेट्रासायक्लिन थेट त्या डागावर लावा. इंजेक्शनची सहसा गरज नसते. चार-पाच दिवसांत दुखणं ओसरतं, पण जंतू कातडीच्या खोल थरात दडून राहतात. डाग खरखरीत खपलीसारखा होतो आणि पावसाळ्यात पुन्हा उघडतो. म्हणून बरी झालेली गायही महिन्याने तपासायची.

खूरस्नानाचा, म्हणजे फूटबाथचा उपयोग इथे आहे, पण प्रतिबंधापुरता. उघड्या जखमेवर तो इलाज नव्हे. मागची दोन्ही पावलं निदान दोनदा बुडावीत म्हणून हौद तीन मीटर लांब आणि द्रावण दहा सेंटिमीटर खोल लागतं. रुंदी अर्धा मीटर धरली, तर दीडशे लिटर पाणी झालं. पाच टक्क्यांच्या हिशेबाने त्यात साडेसात किलो मोरचूद. शंभर गाईंच्या मुक्त गोठ्यात हे परवडतं. बारा बांधलेल्या गाईंसाठी हा खटाटोप करू नये, असं माझं मत. त्यापेक्षा रोज धारेच्या वेळी पाइपने मागच्या टाचा धुवा आणि नाली कोरडी ठेवा. फॉर्मेलिन स्वस्त म्हणून कुणी सुचवेल. त्याची वाफ डोळे-घसा जाळते, उघड्या जखमेवर ते आग लावतं, आणि माणसाला ते कर्करोगकारक आहे. बंदिस्त गोठ्यात नकोच.

घरच्या गाईकडे येऊ. तिची कातडी स्वच्छ आहे. दुखणं खाली, तळव्यात आहे. मागच्या पायाच्या बाहेरच्या नखीत, तळवा आणि टाच जिथे मिळतात तिथे सुरीने पातळ थर काढला, की आधी रक्ताळलेला डाग आणि मग उघडं मांस दिसतं. हा तळव्याचा व्रण. इथे जंतूंनी सुरुवात केलेली नाही. विण्याच्या सुमारास खुराच्या आतलं हाड धरून ठेवणारे तंतू सैल पडतात. हाडाखाली चरबीची गादी असते, ती रोड झालेल्या गाईत आणखी पातळ होते. त्यात काँक्रीटवर तासन्‌तास उभं राहणं. हाडाचा मागचा उंचवटा आतल्या जिवंत थराला चेपतो, रक्त साकळतं. खुराचं शिंग महिन्याला साधारण पाच मिलिमीटरच वाढतं, म्हणून विताना झालेली इजा तळव्यावर दिसायला दोन-तीन महिने लागतात. मालकाला वाटतं, काल दगड लागला.

यावर मोरचुदाचा काही उपयोग नाही, उलट उघड्या मांसाला तो जाळतो. अँटिबायोटिकही सहसा लागत नाही. हवी असते खूरसाळणी. नेदरलँड्सच्या तुसाँ रावेन यांनी बसवलेली पद्धत जगभर वापरतात. आधी मागच्या पायाची आतली नखी घ्यायची, कारण ती बहुधा निरोगी असते. केसांच्या रेषेखालून टोकापर्यंत पुढची भिंत साडेसात सेंटिमीटरपेक्षा आखूड करायची नाही, मोठ्या गाईत थोडी जास्तच ठेवायची. तिची टाच जवळपास तशीच सोडायची. मग बाहेरची नखी तिच्या पातळीला आणायची आणि व्रणाभोवतीचं सुटलेलं शिंग काढून दुखरी टाच आणखी खाली घ्यायची, म्हणजे भार निरोगी नखीवर जातो. अंगठ्याने दाबून तळवा लवला, तर तिथेच थांबायचं. निरोगी नखीला लाकडी ठोकळा चिकटवला की दुखरी नखी अधांतरी राहते. ठोकळा चार-सहा आठवडे, सोबत पशुवैद्यांकडून तीन दिवस वेदनाशामक.

बैलांना पत्र्या मारणारा नालबंद या भागात अजून मिळतो. त्याचा हात चांगला असतो, पण पत्री बसावी म्हणून तळवा सपाट करायची त्याची सवय असते. गाईला ते नको. त्याच्याकडून काम घ्यायचं, तर आतली टाच राखायला आधी सांगा आणि दोन गाईंच्या मध्ये सुरी जंतुनाशकात धुवायला लावा.

मोरचूद वापरलाच, तर उरलेलं पाणी गटारात ओतू नका. पिंपरी-चिंचवडचं पिण्याचं पाणी मुख्यतः पवनेवरच्या रावेत बंधाऱ्यातून उचललं जातं. मोरचुदाचं पाणी शेणखतात मिसळून रानावर पसरा, तेही थोडं-थोडं, कारण तांबं मातीत साठत जातं. आणि त्या रानात लगेच मेंढरं बसवू नका. गाईला सोसणारं तांबं मेंढीला मारतं.