पट्टा थांबला तरी हिशेब राहतो

कारखान्यात बिस्किटांची खोकी वाहणारा सहा मीटर लांबीचा कन्व्हेयर आहे असं धरू. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर सरकतो आणि प्रत्येक खोकं ४० सेंटिमीटर लांब आहे. म्हणजे वाटेतल्या सेन्सरसमोरून एक खोकं ०.८ सेकंदात निघून जातं.

खोकं तिथेच अडकलं तर पट्टा थांबायला हवा. पण सेन्सर झाकला गेला की लगेच थांबवायचं ठरवलं, तर प्रत्येक खोक्याला पट्टा थांबेल. इथे ऑन-डिले टायमर लागतो; पीएलसीत त्याचं नाव TON. त्याला ३ सेकंद दिले, की सेन्सर सलग ३ सेकंद झाकलेला असेल तरच तो इशारा देतो. मध्ये क्षणभर जरी उघडला, तरी मोजणी शून्यावर येते. यातच त्याची कमजोरी आहे. अडकलेलं खोकं सेन्सरच्या कडेशी थरथरत असेल, तर आकडा दीडपर्यंत चढतो, शून्यावर पडतो, पुन्हा चढतो, आणि कोंडी लक्षातच येत नाही. स्क्रीनवर तो आकडा पाहत राहिलं की दोष उघड दिसतो. उलट चार खोकी एकमेकांना चिकटून आली, तर १.६ मीटरची रांग जायला ३.२ सेकंद लागतात आणि कोंडी नसताना पट्टा थांबतो. त्यामुळे वेळ वाढवण्याआधी खोक्यांमधलं अंतर तपासावं.

मागचं पॅकिंग मशीन बंद झालं, तरी पट्ट्यावर खोकी उरलेली असतात. शेवटच्या खोक्याला टोक गाठायला १२ सेकंद लागतात. म्हणून पट्ट्याच्या मोटारीला ऑफ-डिले, म्हणजे TOF, देतात आणि तो १५ सेकंदांवर लावतात. मशीन सुरू होताच पट्टा सुरू होतो. मशीन बंद झाल्यावर मात्र मोजणी चालू होते आणि १५ सेकंदांनी पट्टा थांबतो. आपत्कालीन थांब्याचं बटण या टायमरमधून कधीही नेऊ नये. कुणाचा हात अडकला असताना १५ सेकंद फार असतात. त्या बटणाने मोटारीची वीज थेट तुटली पाहिजे.

तिसरं काम वेगळं आहे. पट्टा एकूण ५० तास चालला की साखळीला तेल द्यायचं. पट्टा दिवसातून अनेकदा थांबतो आणि प्रत्येक थांब्याला TON शून्यावर जातो, त्यामुळे त्याचे ५० तास कधीच भरत नाहीत. रिटेंटिव्ह टायमर थांबलेला आकडा धरून ठेवतो आणि पट्टा सुरू झाला की तिथूनच पुढे मोजतो. काही पीएलसींत तो RTO, तर काहींत TONR या नावाने येतो. वीज गेल्यावरही आकडा टिकेल का, हे मात्र पीएलसीवर अवलंबून असतं. काहींत त्यासाठी त्या टायमरची मेमरी वेगळी निवडावी लागते. मुख्य स्विच बंद करून पुन्हा चालू करा आणि आकडा तोच राहिला का ते पाहा.

५० तास भरल्यावर हा टायमर स्वतःहून शून्यावर येत नाही. त्याला वेगळी रीसेटची आज्ञा द्यावी लागते. म्हणून ते बटण तेल देणाऱ्या माणसाच्या हाताशी ठेवा, आणि साखळीला तेल लागल्यावरच ते दाबायला सांगा.