एका जागेत एकच उत्तर

‘इंदापूर तालुक्यातून ______ नदी वाहते.’ गुण एक.

बारामती आणि इंदापूर भागातले आम्ही काही प्राथमिक शिक्षक घटक चाचणीची समाईक प्रश्नपत्रिका तयार करायला बसलो होतो, तेव्हा हे वाक्य पहिल्या मसुद्यात होतं. लिहिणाऱ्याच्या मनात भीमा होती. दक्षिणेकडच्या गावात शिकवणाऱ्या बाईंनी लगेच विचारलं, “सर, आमच्या पोरांनी नीरा लिहिलं तर?” प्रश्न रास्त होता. भीमा तालुक्याच्या उत्तर-पूर्व कडेने जाते आणि नीरा दक्षिणेच्या कडेने. ज्या मुलाच्या उसाला नीरेचं पाणी मिळतं त्याने नीरा लिहिलं, तर त्याचं उत्तर चूक ठरवायला आपल्याकडे काही आधार नाही.

रिकामी जागा हा प्रश्नप्रकार सगळ्यात सोपा समजला जातो. पुस्तकातलं वाक्य उचललं, एक शब्द खोडला, झाला प्रश्न. पुस्तकात त्या वाक्याच्या मागेपुढे दहा वाक्यं असतात, आणि तीच अर्थ बांधून ठेवतात. वाक्य एकटं काढलं की ते सैल पडतं. म्हणून आम्ही प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारतो: वेगळं उत्तर लिहिणारा मुलगा पुस्तक किंवा नकाशा उघडून आपली बाजू दाखवू शकेल का? दाखवू शकत असेल, तर दोष मुलाचा नाही, वाक्याचा आहे.

वाक्य बदललं: ‘नीरा नदी नरसिंहपूर येथे ______ मिळते.’ आता नदी एकच उरली, पण मराठीची खोडी आडवी आली. जागेत ‘भीमेला’ असं विभक्तीचं रूप यायला हवं. मूल ‘भीमा’ लिहितं, ‘भीमाला’ लिहितं, ‘भीमा नदीस’ही लिहितं. भूगोलाचा गुण व्याकरणावर जाऊ लागतो. उपाय साधा आहे. प्रत्यय जागेच्या बाहेर काढायचा आणि तो पेलायला एक नाम ठेवायचं: ‘नीरा नदी नरसिंहपूर येथे ______ नदीला मिळते.’ जागेत मूळ शब्द जसाच्या तसा बसतो.

तरी एक वाट उघडी राहिलीच. तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापूरकडे जाते, त्यामुळे इथल्या मुलांना पंढरपूरची चंद्रभागा चांगली माहीत असते, आणि चंद्रभागा म्हणजे भीमाच. एखाद्याने ‘चंद्रभागा’ लिहिलं तर? हे नाव पंढरपूरच्या पात्राचं आहे आणि संगम त्याच्या वर आहे, असं एकाचं म्हणणं. नदी तीच ना, असं दुसऱ्याचं. शिक्षकांमध्येच दोन मतं पडतात, तिथे नऊ-दहा वर्षांच्या मुलाला शून्य देणं बरोबर नाही. शेवटी वाक्याआधी ‘सोबतचा नकाशा पाहून’ हे शब्द घातले. छापील नकाशात भीमा असंच नाव आहे. वाद मिटला.

चुकीचं उत्तर आणि बाजू मांडता येणारं उत्तर, यांत मात्र गल्लत करू नये. ‘बारामती शहर ______ नदीच्या काठी वसले आहे.’ उत्तर कऱ्हा. काही मुलं नीरा लिहितात, कारण नीरा डावा कालवा त्यांच्या रोजच्या पाहण्यातला असतो. पण कालवा म्हणजे नदी नव्हे. इथे वाक्य पक्कं आहे आणि उत्तर चूक आहे. अशी चूक मला उपयोगी वाटते, कारण मुलाचा घोटाळा नेमका कुठे झाला ते ती सांगते. उजनीचंही तसंच. ‘उजनी धरण ______ जिल्ह्यात आहे’ यात इंदापूरची मुलं हमखास पुणे लिहितात, कारण पाणी त्यांच्या शिवाराला लागलेलं असतं. भिंत सोलापूर जिल्ह्यात आहे. म्हणून वाक्यात ‘उजनी धरणाची भिंत’ असं स्पष्ट लिहावं लागतं. त्यानंतरही पुणे आलं, तर ती खरी चूक.

आता लेखनाचा प्रश्न. ‘भिमा’ला गुण द्यायचा का? नमुना उत्तरपत्रिकेत हे आधी लिहून ठेवलं नाही, तर एका शाळेत गुण मिळतो आणि शेजारच्या शाळेत कापला जातो. आमचा नियम असा: परिसर अभ्यासात ऱ्हस्व-दीर्घाची चूक माफ, शब्द ओळखता आला की पूर्ण गुण. त्यामुळे ‘भिमा’, ‘निरा’ चालतात. ‘कऱ्हा’ऐवजी ‘कर्हा’ही चालतं, कारण अनेक छापील मजकुरांत ते तसंच दिसतं. अट एकच: चुकीच्या लेखनातून दुसरं खरं नाव तयार होता कामा नये. ‘भामा’ लिहिलं तर गुण नाही. भामा ही पुणे जिल्ह्यातलीच, खेड तालुक्यातली वेगळी नदी आहे, आणि मुलाच्या मनात कोणती होती हे तपासणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

मराठीच्या पेपरात मात्र लेखन हाच विषय असतो, तिथे ही माफी नाही. आधार म्हणजे मराठी साहित्य महामंडळाचे नियम. त्यातले 14 नियम 1962 साली शासनाने मान्य केले, 1972 साली आणखी 4 आले. गावाच्या नावातलं ‘पूर’ दीर्घ लिहायचं, असा त्यात स्पष्ट नियम आहे. म्हणून ‘इंदापुर’ अशी पाटी कितीही ठिकाणी दिसली, तरी उत्तर ‘इंदापूर’च. सामान्यरूप होताना मात्र तोच पू ऱ्हस्व होतो, गरीब–गरिबाला होतं तसा. यावर सुरेख प्रश्न बसतो, पण प्रत्यय जपून निवडला तरच. ‘इंदापूर + ला’ दिलं तर फसगत होते. बोलण्यात आणि लिहिण्यातही आपण ‘इंदापूरला’ म्हणतो, तिथे सामान्यरूप होतच नाही, आणि नियमावर बोट ठेवणारं मूल ‘इंदापुराला’ लिहितं. त्याला चूक कसं म्हणणार? ‘त’ घेतला की दोन्ही वाटा बंद होतात: ‘गरीब – गरिबाला, इंदापूर – ______ (त प्रत्यय लावा)’. उत्तर ‘इंदापुरात’, दुसरं काही नाही. ‘इंदापूरात’ लिहिणाऱ्याला नियम दाखवता येतो.

सगळं ज्ञान अशा जागेत मावत नाही. ‘मोरोपंत ______ वृत्तासाठी प्रसिद्ध आहेत’ हे वाक्य बारामतीच्या शिक्षकाला सोडवत नाही, कारण कवी इथलेच. उत्तर ‘आर्या’. पण ज्यांना आपण मोरोपंतांच्या आर्या म्हणतो, त्यांतल्या पुष्कळ छंदशास्त्राच्या हिशेबाने गीती आहेत. चौथीत हे कुणी लिहिणार नाही. वरच्या वर्गात एखादी जाणकार मुलगी लिहील आणि ती बरोबर असेल. तिथे रिकामी जागा काढून टाकून दोन ओळींचं उत्तर मागावं.

प्रश्नपत्रिका छापायला जाण्याआधी आम्ही ती विषयाशी संबंध नसलेल्या एका सहकाऱ्याकडून पर्यायांशिवाय सोडवून घेतो. त्याने लिहिलेलं उत्तर आणि नमुना उत्तर जुळलं नाही, की ते वाक्य परत येतं. परीक्षेनंतर एकाच जागी दोन-तीन वर्गांतून तेच ‘चुकीचं’ उत्तर आलं, तर मुलांना शिकवण्याआधी वाक्य तपासतो.

पालकांना एवढीच विनंती: तपासलेला पेपर घरी आला आणि रिकाम्या जागेपुढे फुली दिसली, तर पोराला रागावण्याआधी वाक्य स्वतः वाचा. त्याचं उत्तर पुस्तकात किंवा नकाशात दाखवता येत असेल, तर ते घेऊन शाळेत जा.