प्रोसेसरच्या डोक्यावरचं पाणी

व्हिडिओ एडिटिंगच्या कामाला जुंपलेला ताकदीचा प्रोसेसर सहज २५० वॅट उष्णता बाहेर टाकतो, तीही जेमतेम काड्यापेटीएवढ्या जागेतून. ती उचलायला त्याच्यावर तांब्याचा पोकळ ठोकळा घट्ट बसवतात. ठोकळ्याच्या आतल्या बारीक खाचांमधून पंप पाणी फिरवत राहतो.

हे पाणी उकळत असेल, असं अनेकांना वाटतं. हिशेब मात्र वेगळाच निघतो. २५० वॅट म्हणजे मिनिटाला १५ किलोज्यूल. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. मिनिटाला लिटरभर पाणी वाहत असेल, तर ठोकळ्यातून बाहेर पडताना ते जेमतेम साडेतीन अंशांनी तापलेलं असतं. पुढे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवरून पंखे वारा ढकलतात आणि उष्णता खोलीत जाते. म्हणूनच पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही.

खरा शत्रू हवा. नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडं पाणी झिरपून उडतं, त्याची जागा बुडबुडे घेतात आणि ते सर्वांत उंच जागी जमतात. तिथेच पंप असेल, तर तो गुरगुरतो आणि लवकर झिजतो. त्यामुळे रेडिएटरचं वरचं टोक पंपाहून उंच ठेवतात.

प्रोसेसर तापलेला, पण रेडिएटर गारच? मग पंप थांबल्याची शंका घ्यावी.